बाफल्याला खालून धग लागते: ओटीजी घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह?

इंदूरच्या महाराणी रोडवर कुठल्याही दुकानात जा, ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "भाभीजी, कन्व्हेक्शन ले जाओ, इसमें सब कुछ होता है." खोटं नाही ते. केक होतो, पिझ्झा होतो, उरलेली भाजी गरम होते. पण कसा होतो, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण तोवर वहिनींचं लक्ष काचेच्या बाऊल-सेटच्या फ्री ऑफरकडे गेलेलं असतं. माझ्या मते सगळी मेख एकाच गोष्टीत आहे: पदार्थाला उष्णता कुठल्या बाजूने मिळते आणि त्यातल्या पाण्याचं काय होतं. एवढं समजलं की लिटर, ऑटो-मेन्यू वगैरे फार बघावं लागत नाही.

ओटीजी म्हणजे अगदी साधं यंत्र आहे. पत्र्याचा डबा, वर दोन आणि खाली दोन रॉड, एक थर्मोस्टॅट, एक टायमर. रॉड लाल झाले की त्यांची धग सरळ पदार्थावर आणि ट्रेवर पडते, थंडीत गच्चीवर उन्हात बसलं की हवा गार असूनही पाठ कशी तापते तसंच. त्याशिवाय आतली हवा तापून हळूहळू वर जाते, ट्रेचा पत्राही तापतो आणि पदार्थाचा तळ त्याला चिकटलेला असतो. म्हणजे उष्णता वरून, खालून आणि ट्रेमधून अशी तिन्हीकडून मिळते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ही खरं तर एका डब्यात कोंबलेली दोन वेगळी यंत्रं आहेत. एक मायक्रोवेव्हचं, ते २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि त्या लहरींमुळे पदार्थातल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढून तो गरम होतो. दुसरं कन्व्हेक्शनचं, त्यात सहसा मागच्या बाजूला एक हीटर आणि पंखा असतो, जो गरम हवा आतमध्ये फिरवत राहतो. वर ग्रिलचा रॉडही असतो. पण खाली? खाली फिरणारी काचेची प्लेट आणि तिची मोटर. बहुतेक घरगुती मॉडेलमध्ये खाली रॉड नसतोच. तळाला जे काही मिळेल ते हवेतून, तेही हवा तिथपर्यंत पोचली तर.

आता हे बाफल्यावर लावून बघू, कारण इंदुरात कोणी ओव्हन घेतला की रविवारी त्यात बाफले होणारच, मग घरात कितीही केकची पुस्तकं असोत. दोन वाट्या जाडसर कणीक, अर्धी वाटी मक्याचं पीठ, ओवा, मीठ, चिमूटभर सोडा, तुपाचं मोहन आणि थोडं दही, घट्ट मळून लिंबापेक्षा जरा मोठे गोळे. उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगायला लागले की अजून थोडा वेळ ठेवायचे, सगळं मिळून साधारण १२ ते १५ मिनिटं. इथपर्यंत दोन्ही यंत्रं सारखीच. पण उकडल्यामुळे बाफल्याच्या वरच्या थरातल्या स्टार्चने पाणी पिऊन ठेवलेलं असतं, तो बाहेरून चिकट आणि ओला असतो. जोवर हे पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, कारण येणारी सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. आणि खरपूस तांबूस रंग, तो खमंग वास, हे सगळं साधारण १४० अंशांच्या वर कोरड्या पृष्ठभागावरच होतं. म्हणून उकडलेले बाफले आधी स्वच्छ कापडावर पसरून १५-२० मिनिटं सुकू द्यायचे, ही आपल्या आज्यांची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

ओटीजीत २०० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून १२-१५ मिनिटं प्रीहीट करायचं, मधल्या खाचेत काळा ट्रे, बाफल्यांमध्ये दोन बोटं अंतर. काळा अशासाठी की तो धग शोषतो, चकचकीत ट्रे बरीचशी परत फेकतो. १५ मिनिटांनी उलटवायचे, मग अजून १२-१५ मिनिटं. खालच्या रॉडमुळे ट्रे चांगलाच तापतो, तळाचं पाणी लवकर उडतं आणि उलटवताना खालची बाजू आधीच तांबूस दिसते. झाला की बाफल्यावर बारीक भेगा पडतात, बोटाने टिचकी मारली की आवाज कोरडा येतो, मोडला की भुरभुरीत फुटतो. मधे ओलसर चिवट पट्टा दिसला तर अजून वेळ हवा.

तेच बाफले कन्व्हेक्शनमध्ये २०० अंशांवर सरळ काचेच्या प्लेटवर ठेवले तर वरून सुंदर दिसतात आणि खालून पांढरे, घामेजलेले निघतात. काच हळू तापते, तिच्याखाली रॉड नाही, आणि बाफल्याच्या बुडाशी अडकलेली वाफ बाहेर पडायला वाट नाही. मग लोक तापमान वाढवतात, वरून करपतं, खालून तसंच. उपाय आहे: तारेच्या बुटक्या स्टँडवर बाफले ठेवायचे म्हणजे हवा खालूनही फिरते, एका वेळी थोडेच ठेवायचे, आणि एकाऐवजी दोनदा उलटवायचे. किंवा रिकामा धातूचा ट्रे आतच ठेवून प्रीहीट करायचा आणि त्या तापलेल्या ट्रेवर बाफले टाकायचे. फक्त हे शुद्ध कन्व्हेक्शन मोडमध्येच, मायक्रो किंवा कॉम्बिनेशन मोड चालू असताना असा ट्रे आत अजिबात नको, ठिणग्या उडतात. सोबत मिळालेलं स्टँड कॉम्बिनेशनला चालतं की नाही तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्यायचं.

पाव, पिझ्झा, खारी, नानकटाई, ज्याला ज्याला खालून भाजणं लागतं तिथे हाच फरक दिसतो, नानकटाईत थोडा कमी, पिझ्झ्यात भरपूर. केकला मात्र कन्व्हेक्शनचं काही वाईट नाही. पंख्यामुळे उष्णता पटकन पोचते म्हणून रेसिपीत १८० लिहिलं असेल तर १६० ते १७० ठेवायचं, नाहीतर वरचा पापुद्रा लवकर धरतो, आतलं मिश्रण मागून फुगतं आणि मधोमध ज्वालामुखीसारखं फुटतं. ओटीजीतही केक फुटतो, पण तिथे कारण बहुतेक वेळा टिन वरच्या रॉडच्या फार जवळ असणं हे असतं, एक खाच खाली घ्या की सुधारतं. ओटीजीची दुसरी खोड म्हणजे थर्मोस्टॅट. तो रॉड सारखा बंद-चालू करत असतो, आणि बटणावर १८० असलं तरी आत १६० किंवा २०० असू शकतं. आत ठेवायचं छोटं ओव्हन थर्मामीटर मिळतं, ते घेतलंच पाहिजे असं माझं मत आहे, त्याच्याइतका उपयोग महागड्या सिलिकॉन मोल्डचा नाही.

घरी आणल्यावर आपलं यंत्र ओळखायची एक सोपी टेस्ट सांगतो. साध्या ब्रेडच्या स्लाइस पूर्ण जाळीभर शेजारी शेजारी मांडा, १८० वर प्रीहीट करून ठेवा आणि पहिली स्लाइस तांबूस झाली की सगळ्या काढून उलटसुलट बघा. ओटीजीत मागच्या कोपऱ्यातली जास्त भाजलेली आणि दारापाशी फिकट, असं काहीतरी निघेल, म्हणजे ट्रे मधेच फिरवायचा हे कळलं. फिरत्या प्लेटच्या कन्व्हेक्शनमध्ये वरून रंग बराच एकसारखा, पण खालची बाजू जवळपास पांढरी. हा ब्रेडचा नकाशा बघितला की मग कुठलाच सेल्समन लागत नाही.

आता गरम करण्याचं, कारण खरं सांगायचं तर बहुतेक घरांत बेकिंग महिन्यातून कधीतरी आणि गरम करणं दिवसातून चारदा. इथे ओटीजी साफ हरतो. फ्रिजमधली पाव किलो डाळ ५ वरून ७५ अंशांवर न्यायला हिशेबाने फक्त ०.०२ युनिट उष्णता लागते. मायक्रोवेव्हमध्ये हे दोन-अडीच मिनिटांत होतं आणि यंत्राचं नुकसान धरून साधारण ०.०५ युनिट वीज जाते. १५०० वॉटच्या ओटीजीला नुसतं प्रीहीट व्हायलाच पाव युनिट जातं, डाळ अजून गारच, आणि शेवटी वर साय धरल्यासारखा थर. मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो हा मात्र गैरसमज आहे. लहरी दोनेक सेंटिमीटर आत जातात, पुढची उष्णता नेहमीसारखी सरकत जाते, म्हणून मधे एकदा ढवळायचं. आतमध्ये लहरींचे गरम-गार पट्टेही असतात. प्लेट फिरणार नाही अशी करून काचेच्या ताटलीत उडदाचे कच्चे पापड पसरून थोडा वेळ चालवा, काही ठिकाणी फुललेले आणि मधे कच्चेच दिसतील. फुललेल्या ठिपक्यांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं. प्लेट फिरवण्यामागे हेच कारण.

पण सकाळची कचोरी संध्याकाळी मायक्रोवेव्हमध्ये घातली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सारणातलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला निघतं आणि कवचातच अडकतं, आजूबाजूची हवा तर गारच असते, त्यामुळे ते तिथेच मुरतं. कचोरी गरम, पण दमट. ओटीजीत १६० अंशांवर ८-१० मिनिटं ठेवली की कवच कोरडं होतं आणि कुरकुरीतपणा बऱ्यापैकी परत येतो. इथे कन्व्हेक्शनवाल्यांना एक छान सोय आहे: आधी २० सेकंद मायक्रो, म्हणजे आतलं सारण गरम झालं, मग बाहेर काढून मशीन १८० वर प्रीहीट करायचं आणि पाच मिनिटं ठेवायची. एकाच यंत्रात हे होतं, फक्त घाई असेल तर प्रीहीटची वाट बघवत नाही.

तर माझं सरळ मत. आठवड्याला ब्रेड, पिझ्झा, बाफले होत असतील तर ओटीजी, आणि गरम करायला शेजारी लहानसा साधा मायक्रोवेव्ह, बऱ्याचदा दोन्ही मिळून एका चांगल्या कन्व्हेक्शनच्या किमतीच्या आसपासच बसतं. ओट्यावर जागा एकाचीच असेल, कधीतरी केक आणि रोज डाळ-भाजी गरम करणं एवढंच असेल, तर कन्व्हेक्शन घ्या आणि बुटकं स्टँड हरवू देऊ नका. दोन्हींत नवीन घेण्याआधी स्वयंपाकघरातला प्लग पॉइंट बघा. रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या घरांत ओट्याजवळ बरेचदा ६ अँपिअरचाच पॉइंट असतो, १५०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो आणि कन्व्हेक्शन त्याहूनही जास्त, म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग लागतं, आणि ते काम करून घेईपर्यंत डिलिव्हरीची तारीख पुढची घेतलेली बरी.