व्हेंटिलेशन-परफ्यूजन असमतोल आणि शंट

फुप्फुसातील वायुकोशांत पोहोचणारी हवा म्हणजे व्हेंटिलेशन आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त म्हणजे परफ्यूजन. स्वस्थ बसलेल्या प्रौढाच्या वायुकोशांत मिनिटाला सुमारे ४ लिटर हवा जाते आणि त्यांच्याजवळून सुमारे ५ लिटर रक्त वाहते. एखाद्या भागात रक्त पुरेसे आणि हवा कमी, असे झाले की असमतोल होतो. हवा अजिबातच पोहोचत नसेल, तर तिथले रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. हा शंट.

करवीर तालुक्यातले दोन रुग्ण कल्पू. पहिल्याने अनेक वर्षे गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसून जाळ घातला आहे आणि धुराने त्याच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत. दुसऱ्याला न्यूमोनिया होऊन फुप्फुसाचा मोठा भाग द्रवाने भरला आहे. पल्स ऑक्सिमीटर दोघांचाही आकडा ८५ टक्के दाखवतो.

पहिल्याच्या वायुकोशांत हवा थोडी का होईना, जाते. श्वासातला ऑक्सिजन किंचित वाढवला तरी तो तिथे पोहोचतो आणि आकडा चटकन चढतो. अशा रुग्णात ८८ ते ९२ टक्क्यांवर थांबावे. त्यापुढे ऑक्सिजन देत राहिल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घातक पातळीपर्यंत वाढू शकतो.

दुसऱ्याचे अर्धे रक्त भरलेल्या भागातून जाते असे धरू. निरोगी भागातून येणाऱ्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर शंटमधून येणाऱ्या रक्तात समजा १४. मिश्रणात १७ उरतो, म्हणजे साधारण ८५ टक्के. आता शुद्ध ऑक्सिजन दिला. निरोगी भागातले हिमोग्लोबिन आधीच भरलेले असल्यामुळे तिथे फक्त रक्तात विरघळणारा ऑक्सिजन वाढतो, तोही जेमतेम २ मिलिलिटर. शंटच्या रक्ताला मात्र नव्या ऑक्सिजनचा स्पर्शही होत नाही. सरासरी १८ येते, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास. एवढा ऑक्सिजन देऊन एवढीच वाढ मिळते. प्रवाह वाढवूनही आकडा हलत नसेल तर नळी आणि मास्क नीट आहेत ना हे आधी पाहावे आणि मग शंटचा विचार करावा. अशा रुग्णाला नुसत्या मास्कवर ठेवून वाट पाहणे धोक्याचे असते.

इथे खरा उपाय म्हणजे बंद वायुकोश उघडणे. त्यासाठी उच्छ्वासाच्या शेवटीही दाब टिकवणारे यंत्र लावतात किंवा रुग्णाला पालथे झोपवतात. न्यूमोनिया एकाच बाजूला असेल, तर प्रौढ रुग्णाला निरोगी बाजू खाली ठेवून कुशीवर वळवतात. गुरुत्वाकर्षणाने जास्त रक्त त्या बाजूला जाते आणि शंट घटतो. मात्र आजारी बाजूतून रक्तस्राव होत असेल किंवा तिथे पू साचला असेल, तर असे करू नये. तो स्राव निरोगी फुप्फुसात उतरतो.