वाय-फाय चॅनेलची गर्दी

एकाच बिल्डिंगमधले बरेच राउटर त्याच थोड्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या त्याच पट्ट्यांवर, आले की सगळ्यांचा स्पीड पडतो, याला चॅनेलची गर्दी म्हणतात. ओळखायची खूण म्हणजे मोबाइलवर सिग्नलच्या दांड्या फुल असतात पण संध्याकाळी व्हिडिओ अडकतो, आणि त्याच वेळी राउटरला केबल लावून बघितलं तर नेट व्यवस्थित चालतं. त्रास जास्त करून २.४ गिगाहर्ट्झवर होतो.

या बँडमध्ये बहुतेक ठिकाणी १ ते १३ चॅनेल मिळतात, काही देशांत ११च. शेजारच्या दोन चॅनेलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण एक नेटवर्क जागा घेतं साधारण २० ते २२ची, म्हणून १, ६ आणि ११ हेच एकमेकांत घुसत नाहीत असं धरतात. यावर मतभेद आहेत. यातला २२ मेगाहर्ट्झचा हिशोब १९९९च्या ८०२.११बी या वाय-फाय मानकातल्या सिग्नलचा, २००३च्या ८०२.११जीपासून रुंदी २० झाली, त्यामुळे जिथे १३ चॅनेल आहेत तिथे १, ५, ९, १३ असे चार बसतात असं काहीजण म्हणतात. गणित बरोबर आहे, पण आजूबाजूचे लोक ६ आणि ११वर असताना आपण एकट्याने ९ घेतला तर दोघांशीही टक्कर होते, म्हणून अपार्टमेंटमध्ये १-६-११च बरं.

मधला रिकामा दिसणारा चॅनेल, म्हणजे ३ किंवा ८, का घेऊ नये हे नीट समजून घ्यायला हवं. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आळीपाळीने थांबतात, सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, आणि मानकाप्रमाणे -८२ डीबीएमपर्यंतचा सिग्नल ओळखून थांबावं लागतं. अर्धवट चॅनेलवरून आलेलं मात्र नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं आणि गोंगाटासाठी थांबायची मर्यादा -६२ आहे, मग त्याखाली असलं की दोघंही एकदम बोलतात, पॅकेट खराब होतात आणि पुन्हा पाठवावे लागतात.

समजा स्कॅनर अ‍ॅपमध्ये चॅनेल १वर तीन नेटवर्क आहेत आणि त्यातलं एक -४८, ११वर दोनच पण -५५ आणि -६०, आणि ६वर सहा, सगळी -८४च्या खाली. नुसतं मोजलं तर ११ घ्यावासा वाटेल, पण इथे ६ आधी वापरून बघावा, कारण लांबची सहा मिळूनही बहुधा कमी अडवतात (पूर्ण मोकळं मात्र नाही, चांगल्या चिप -८२च्या खालचंही ऐकतात). ११वरची दोन्ही नेटवर्क दिवसभर गप्प असतील तर उत्तर उलटंही येईल, आणि अशा अ‍ॅपमध्ये नेटवर्क दिसतं, त्यावर किती डेटा चाललाय ते सहसा दिसत नाही. म्हणून स्कॅन राउटरपाशी आणि आपण बसतो त्या खोलीतही करायचं, तेही गर्दीच्या वेळी, आणि बदलल्यावर दोन-तीन संध्याकाळी बघायचं.

राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये चॅनेल ऑटोवरून काढून हाताने टाकायचा आणि रुंदी २० ठेवायची, ४० केली की बँडचा निम्मा भाग एकटाच व्यापतो. ऑटोवर बरेच राउटर फक्त चालू होताना चॅनेल निवडतात, म्हणजे सकाळी सुरू केला तर सकाळचीच गर्दी बघून.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल बरेच जास्त आणि शेजाऱ्याचा सिग्नल भिंतीत अडतो, पण आपलाही अडतो.