तीन व्हिडिओ, एक आठवडा: लाँचआधीच्या टीझर मालिकेची स्क्रिप्ट आम्ही कशी लिहितो

नवं उत्पादन बाजारात आणायचं आहे, त्याआधीच्या आठवड्यात तीन छोटे टीझर व्हिडिओ हवे आहेत, असं काम घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. पहिल्या बैठकीत आम्ही काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. ते का विचारतो, आणि स्क्रिप्ट हातात आल्यावर ती तुम्ही कशी तपासायची, हे इथं सविस्तर सांगितलं आहे.

बहुतेक ग्राहकांच्या डोक्यातली कल्पना अशी असते: एक मिनिटाची चांगली जाहिरात करायची, तिचे तीन तुकडे पाडायचे आणि एकेक सोडत जायचा. पण अशा तुकड्यांची मालिका होत नाही. पहिला तुकडा पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याची वाट पाहायला काही कारणच उरत नाही. दुसरी चूक अगदी उलट टोकाची असते. काळा पडदा, ढोलाचा आवाज आणि 'काहीतरी येतंय…' ही अक्षरं. इथं सगळंच झाकलेलं असतं, त्यामुळं बघणाऱ्याच्या मनात प्रश्नच तयार होत नाही. जॉर्ज लोवेनस्टीन या अमेरिकी अभ्यासकानं १९९४ साली उत्सुकतेबद्दल एक मांडणी केली होती. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यातलं अंतर जाणवलं की उत्सुकता जागी होते. म्हणजे बघणाऱ्याच्या हातात आधी काहीतरी द्यावं लागतं. म्हणून आमची स्क्रिप्ट एका साध्या नियमावर उभी असते: प्रत्येक व्हिडिओनं एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न उभा करायचा.

या रचनेचा एक गाजलेला नमुना व्हिडिओचा नाही, पोस्टरचा आहे. १९८१ साली फ्रान्समध्ये भिंतींवर बिकिनीतल्या तरुणीचं पोस्टर लागलं. '२ सप्टेंबरला वरचं काढेन' असं ती त्यावर म्हणत होती. २ तारखेला नवं पोस्टर आलं, त्यावर पुढचा वायदा ४ सप्टेंबरचा होता. ४ तारखेला तोही पाळला गेला, आणि तेव्हा कुठं कळलं की ही जाहिरात पोस्टर लावणाऱ्या आव्हेनीर नावाच्या कंपनीची आहे, दिलेला शब्द पाळणारी कंपनी म्हणून. स्त्रीचं शरीर वापरण्याची ती तऱ्हा आम्हाला मान्य नाही आणि तसं काम आम्ही करणार नाही. पण रचना म्हणून त्यातून शिकण्यासारखं आहे: प्रत्येक वायद्याला तारीख होती, ती पाळली गेली, आणि शेवटचं उत्तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

शेवटून सुरुवात

आम्हीही शेवटापासूनच लिहायला बसतो. आमच्याकडं आलेल्या एका कामाचं उदाहरण घेऊ. उत्पादन होतं कमी आवाजाचा टेबलफॅन. लाँच शनिवारी, १४ तारखेला. त्या दिवशीचं वाक्य आधी लिहिलं: 'पाती रुंद आहेत, म्हणून कमी वेगातही वारा पुरेसा मिळतो, आणि वेग कमी म्हणून आवाज कमी.' मग मागं सरकत गेलो. हे वाक्य ऐकावंसं वाटायला आदल्या दिवशी कोणता प्रश्न मनात हवा? 'वारा आणि शांतता दोन्ही एकदम कसं काय?' हा प्रश्न पडायला त्याआधी काय ठाऊक हवं? की एरवी या दोनपैकी एकच मिळतं. आणि त्याच्याही आधी? की रात्री खोलीत एक आवाज असतो, ज्याच्याकडं आपण लक्ष देणं सोडून दिलंय. तीन व्हिडिओ इथंच ठरले.

रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस निवडले. पहिल्या व्हिडिओला पसरायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यानंतरचं अंतर जास्त. तिसऱ्याचं काम लोकांना दुसऱ्या दिवशी परत आणणं एवढंच, म्हणून तो अगदी आदल्या दिवशी.

पहिला व्हिडिओ: रविवार, ८ तारीख, २० सेकंद

रात्र. खिडकीचा पडदा फडफडतोय. पलंगावर बसलेली तरुणी फोनवर बोलतेय. मागं एकसुरी घरघर.
तरुणी: हॅलो… काय म्हणालीस?
ती दुसऱ्या कानात बोट घालते.
तरुणी: थांब गं, बाहेर येते.
ती बाहेर येऊन दार लावते. घरघर थांबते.
तरुणी: हं, आता बोल.
अक्षरं: रात्री तुमच्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज कशाचा?
शेवटची पाटी: बुधवारी, ११ तारखेला सांगतो.

दुसरा व्हिडिओ: बुधवार, ११ तारीख, २५ सेकंद

जुना टेबलफॅन, समोरून, पूर्ण दिसतो. घरघर. शेजारी बाबा मुलीला गोष्ट वाचून दाखवतोय.
मुलगी: बाबा, काय म्हणालास?
बाबा पंखा बंद करतो. दोन ओळी वाचतो. दोघंही घाम पुसतात. मुलगी उठून पंखा लावते.
मुलगी: वाच ना आता… काय?
अक्षरं: वारा हवा, की गोष्ट?
शेवटची पाटी: शुक्रवारी, १३ तारखेला.

तिसरा व्हिडिओ: शुक्रवार, १३ तारीख, १५ सेकंद

तोच बाबा, तीच मुलगी. तिचे केस उडताहेत, पुस्तकाची पानं उडू नयेत म्हणून बाबानं हातानं धरलीत. वारा कुठून येतोय ते दिसत नाही. तो अगदी कुजबुजत वाचतोय.
बाबा: ऐकू येतंय?
मुलगी (तीही कुजबुजत): हो. पुढं?
अक्षरं: वाराही. गोष्टही.
शेवटची पाटी: शनिवार, १४ तारीख, सकाळी ११ वाजता.

वाचताना हे फार साधं वाटेल. तसंच वाटायला हवं. पण इथवर येताना काय काय बदलावं लागलं, ते सांगतो, कारण तुमच्या स्क्रिप्टमध्येही नेमक्या याच जागा अडतील.

पहिल्या खर्ड्यात पडदा नव्हता. फक्त आवाज आणि फोन. ज्यांना या कामाची काहीच कल्पना नव्हती अशा काही जणांना आम्ही तो वाचून दाखवला, तर बहुतेकांनी अंदाज केला: इअरफोन. ही गंभीर चूक होती. चुकीचा अंदाज आठवडाभर मनात घोळला, तर शनिवारी पंखा पाहून माणूस हिरमुसतो, मग पंखा कितीही चांगला असो. फडफडणारा पडदा घातल्यावर अंदाज वाऱ्याकडं वळले. अंदाज बरोबर दिशेनं जावा, पण खात्री होऊ नये, एवढंच झाकायचं असतं. उत्पादनाचा प्रकार उघड झाला तरी चालतो. जपायचं असतं ते त्याचं वेगळेपण.

दुसरी अडचण आवाजाचीच. फीडमध्ये खूप लोक व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, आणि आमचा तर विषयच आवाज! म्हणून कानात घातलेलं बोट आलं, दार लावणं आलं, सगळे संवाद अक्षरांतही आले. आवाज बंद करूनही गोष्ट कळते का, ही तपासणी प्रत्येक स्क्रिप्टला लागू आहे. अक्षरं लिहिताना खालचा साधारण चौथा हिस्सा मोकळा सोडतो, कारण उभ्या व्हिडिओत तिथं कॅप्शन आणि बटणं येतात.

तिसरी गोष्ट फीडच्या स्वभावाची. व्हिडिओ क्रमानं दिसत नाहीत. दुसरा पाहणाऱ्या अनेकांनी पहिला पाहिलेलाच नसतो, आणि तिसरा काहींना लाँचनंतर दिसतो. म्हणून 'मागच्या भागात आपण पाहिलं' अशी सुरुवात आम्ही करत नाही. प्रत्येक भाग एकटा उभा राहायला हवा. आणि 'उद्या' हा शब्द व्हिडिओत कधीही घालत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहितो. कॅप्शन नंतर बदलता येतं, व्हिडिओतलं वाक्य बदलता येत नाही.

शब्दांबद्दल ग्राहकांशी सगळ्यात जास्त घासाघीस होते. मराठीत निवांत बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द धरावेत. थांबे आणि हालचाली वजा केल्या तर २० सेकंदांत तीसेक शब्दांपलीकडं काही मावत नाही. या पंख्याच्या कामात ग्राहकाला पहिल्याच व्हिडिओत कंपनीचं नाव, मोटरचा प्रकार आणि वॉरंटी हवी होती. आम्ही त्यांच्यासमोर घड्याळ लावून ते मोठ्यानं वाचलं. वेळ तर संपलीच, पण प्रश्नही मेला, कारण उत्तर आधीच देऊन झालं होतं. नाव खात्यावर दिसतंच. त्याला पडद्यावर वेगळी जागा लागत नाही.

तिसऱ्या व्हिडिओबद्दल एक अट आम्ही सोडत नाही. तो नवा पंखा खरोखर चालू ठेवूनच, त्याच खोलीत, त्याच माइकवर ध्वनिमुद्रित व्हायला हवा. मागं संगीत नाही, नंतर आवाज साफ करणं नाही. पंख्याचा आवाज पुसून 'शांत पंखा' दाखवणं म्हणजे ग्राहकाला फसवणं आहे. याच कारणानं आम्ही 'आवाजच नाही' असं लिहू दिलं नाही. हवा कापणाऱ्या प्रत्येक पात्याला थोडा आवाज असतोच.

स्क्रिप्ट हातात आली की तुम्ही दोन गोष्टी करून बघा. पहिला आणि दुसरा भाग अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती मालिका नाही, तीन सुट्या जाहिराती आहेत. मग फक्त दुसरा भाग एखाद्या अनोळखी माणसाला दाखवा आणि विचारा: हे कशाबद्दल आहे, आणि आता तुम्हाला काय जाणून घ्यावंसं वाटतंय? पहिल्याला 'कळलं नाही' असं उत्तर आलं, तर जास्त झाकलंय. दुसऱ्याला 'काही नाही' असं आलं, तर जास्त उघडलंय. दोन्ही वेळा आम्हाला फोन करा, आम्ही पुन्हा लिहू.

तिन्ही भागांचं चित्रीकरण आम्ही पहिला व्हिडिओ टाकण्याआधीच पूर्ण करतो, शक्यतो एकाच दिवशी. बुधवारचा व्हिडिओ मंगळवारी रात्री चित्रित करायची वेळ आली, तर कपडे, प्रकाश, मुलीचा मूड, काहीही जुळत नाही, आणि तारीख चुकली तर वायदाच मोडतो. रविवारच्या व्हिडिओवर आलेल्या टिप्पण्या मात्र रोज वाचतो. किती जणांनी पाहिला यापेक्षा लोक काय अंदाज करताहेत, आठवण लावून ठेवताहेत का, हे जास्त सांगून जातं. अंदाज भरकटले तर बुधवारच्या कॅप्शनमध्ये दिशा देता येते.

काही वेळा आम्ही हे काम नाकारतोही. माल तारखेला तयार असेल याची खात्री नसेल, तर टीझर करू नका. शनिवारी ११ वाजता पान उघडलं आणि 'लवकरच उपलब्ध' दिसलं, तर आठवडाभर जमवलेली उत्सुकता चिडीत बदलते. जुन्या उत्पादनाचा फक्त रंग बदलला असेल तेव्हाही एक साधा व्हिडिओ पुरतो. आणि तुमच्या खात्यावर अजून मोजकेच लोक असतील, तर वाट बघायला माणसंच नसतात. तेव्हा आधी थेट माहितीचे व्हिडिओ करावेत, असं आम्ही सांगतो.

पहिल्या बैठकीला येताना चार गोष्टी घेऊन या: पक्की झालेली तारीख, त्या दिवशी विकता येईल इतका तयार माल, उत्पादनाबद्दलचा एकच दावा जो कॅमेऱ्यासमोर करून दाखवता येईल, आणि उत्पादनाचा एक चालू नमुना. नमुना आम्ही दोन दिवस ठेवून घेतो. पंख्याच्या वेळी त्याच्याशेजारी झोपून पाहिल्यावरच कुजबुजत वाचण्याची कल्पना सुचली होती.