निर्देशांक वर गेला, मग बहुतेक शेअर पडले कसे?
इंडेक्स फंडाच्या गुंतवणूकदारांसाठी माहिती

बाजार जोरात हलला की आमच्याकडे हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ फंड बदलण्याची विनंतीही येते. फॉर्मवर सही करण्यापूर्वी कृपया हे वाचा.

निर्देशांकात सगळ्या कंपन्यांचा वाटा सारखा नसतो. शेअरचा भाव गुणिले बाजारात खरेदी-विक्रीसाठी मोकळे असलेले शेअर, म्हणजे फ्री फ्लोट बाजारमूल्य, यावर बहुतेक मोठे निर्देशांक हा वाटा ठरवतात. प्रवर्तकांनी धरून ठेवलेले शेअर त्यात मोजत नाहीत. त्यामुळे नुसता भाव मोठा म्हणून कंपनीचा वाटा मोठा होत नाही.

तीनच कंपन्यांचा निर्देशांक घेऊ. वाटे अनुक्रमे ६०, ३० आणि १० टक्के. पहिली ५ टक्के वाढली, दुसरी ४ आणि तिसरी ६ टक्के पडली. पहिलीने निर्देशांकात ३ टक्क्यांची भर घातली, उरलेल्या दोघींनी १.२ आणि ०.६ टक्के कमी केले. निर्देशांक १.२ टक्के वर! तिघींतल्या दोन पडूनही.

आता पहिलीचा वाटा ६२ टक्क्यांच्या थोडा वर गेला. "मग फंडाने ती थोडी विकायला नको का?" नको. फंडाकडे तेच शेअर आहेत आणि भाव वाढल्याने त्यांचाही वाटा तेवढाच वाढला. कंपनी निर्देशांकात आली-गेली, मोकळ्या शेअरची संख्या बदलली, लाभांश जमा झाला किंवा गुंतवणूकदारांचे पैसे आले-गेले, तरच फंडाला व्यवहार करावा लागतो. इंडेक्स फंडाचा खर्च कमी राहतो, त्याचे एक कारण हेच.

आमचा सर्वाधिक वेळ मात्र एका चुकीच्या तुलनेत जातो. बातम्यांत दिसणारा आकडा फक्त भावांचा असतो, त्यात लाभांश नसतो. फंडाला मात्र लाभांश मिळतो, आणि ग्रोथ पर्यायात तो पुन्हा गुंतवला जातो. म्हणून फंडाची तुलना एकूण परतावा निर्देशांकाशीच करावी. समजा वर्षात बातम्यांतला निर्देशांक १० टक्के वाढला, लाभांश धरून ११.३ आणि तुमचा फंड १०.५ टक्के. बातम्यांच्या आकड्याशी ताडला तर फंड पुढे दिसतो, प्रत्यक्षात तो ०.८ टक्के मागे आहे. खर्चामुळे आणि हातात राहिलेल्या रोख रकमेमुळे थोडी तूट राहतेच. पण त्याच निर्देशांकाच्या दुसऱ्या फंडाची तूट ०.२ असेल, तर बदलाचा विचार जरूर करावा.

म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यावरून आम्ही फंड बदलून देत नाही. काही जणांना ते आडमुठेपणाचे वाटते, पण विक्रीवर कर लागू शकतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. तुमच्या फंडाचे नाव कळवा. एकूण परतावा निर्देशांकाच्या तुलनेत त्याची दरवर्षीची तूट, आणि त्याच निर्देशांकाच्या इतर फंडांची तूट, एका तक्त्यात मांडून आम्ही विनाशुल्क देतो.