एका माणसाच्या वाट्याला किती धूर?

वाहतुकीच्या शाश्वततेवरच्या जवळपास प्रत्येक अहवालात एक स्तंभालेख असतो. सगळ्यांत उंच स्तंभ मोटारीचा, त्यानंतर दुचाकी, बस, रेल्वे, आणि पायी चालणाऱ्यापुढे शून्य. खाली एकक छापलेलं असतं: ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, प्रति प्रवासी-किलोमीटर. एका माणसाला एक किलोमीटर नेताना हवेत किती वायू गेला, एवढाच त्याचा अर्थ. दोन चाकांचं वाहन आणि आठ डब्यांची गाडी एका मापाने मोजायची तर याहून सोयीचं एकक नाही.

हा आकडा भागाकारातून येतो. वर वाहनाचं एकूण उत्सर्जन, खाली माणसांनी मिळून केलेला प्रवास. वरची बाजू मोजणं फारसं कठीण नाही. खालच्या बाजूला मात्र अहवाल वारंवार घसरतात, आणि तिथे घसरले की स्तंभांचा क्रमसुद्धा बदलू शकतो.

आधी वरची बाजू. एक लीटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, पण ते जळल्यावर सुमारे २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघतो, कारण जळताना इंधनातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. १२ भार असलेला कार्बन ४४ भाराचा रेणू होऊन बाहेर पडतो. डिझेल जास्त घन असल्यामुळे त्याचा आकडा लीटरमागे सुमारे २.६८ किलो येतो. त्यामुळे इंधन किती लीटर जळलं हे कळलं की उत्सर्जन कळलं. फक्त हे लीटर पंपावरच्या किंवा आगारातल्या नोंदीतून घ्यावेत. कंपनीने जाहीर केलेलं मायलेज चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतलं असतं, गर्दीच्या रस्त्यावर ते मिळत नाही.

आता खालची बाजू, बसच्या एका सकाळच्या फेरीवरून पाहू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण कोणत्याही शहरी मार्गावर दिसावेत असे आहेत. मार्ग २० किलोमीटरचा. बस उपनगरातून शहराकडे जाते आणि परत येते, म्हणजे ४० किलोमीटर. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि शेवटी परत आगारापर्यंत मिळून आणखी ४ किलोमीटर ती रिकामी धावते. एकूण ४४. लीटरला ४ किलोमीटर धरले तर ११ लीटर डिझेल, म्हणजे साधारण २९.५ किलो कार्बन डायऑक्साइड. किलोमीटरमागे ६७० ग्रॅम.

जाताना ८० तिकिटं फाटली, पण सगळे शेवटपर्यंत गेले नाहीत. सरासरी प्रवास ९ किलोमीटर, म्हणून ७२० प्रवासी-किलोमीटर. परतताना उलट दिशेला जाणारे फक्त २० जण, सरासरी ६ किलोमीटर, म्हणून १२०. बेरीज ८४०. आता २९.५ किलोला ८४० ने भागलं की उत्तर येतं ३५ ग्रॅम.

याच फेरीतून दुसरी उत्तरंही काढता येतात, आणि ती काढली जातात. बसमध्ये बसून आणि उभे राहून ६० जण मावतात म्हणून ६७० ला ६० ने भागलं, तर ११ ग्रॅम येतात. एखाद्याने सर्वांत गर्दीच्या थांब्यावर उभं राहून डोकी मोजली, ती ५८ भरली, तरी आकडा जवळपास तेवढाच. खरं तर पूर्ण ४४ किलोमीटरवर गाडीत सरासरी १९ माणसं होती, कारण ८४० भागिले ४४ म्हणजे १९. पहिल्या थांब्यावर मोजकीच माणसं असतात, मधल्या पट्ट्यात गाडी गच्च भरते आणि शेवटाकडे पुन्हा रिकामी होत जाते. गच्च भरलेली बस डोळ्यांत भरते, म्हणून लोकांनाही भारमान नेहमी जास्त वाटतं.

तिसरी चूक अधिक फसवी आहे. जातानाचे १९ ग्रॅम आणि येतानाचे ११२ ग्रॅम अशी दोन उत्तरं वेगवेगळी काढून त्यांची सरासरी घेतली, तर ६५ येतात. हे साफ चुकीचं आहे, कारण मोजक्या माणसांच्या फेरीला भरलेल्या फेरीइतकंच वजन दिलं गेलं. आधी सगळं उत्सर्जन एकत्र करायचं, सगळे प्रवासी-किलोमीटर एकत्र करायचे, आणि भागाकार एकदाच करायचा. शेकडो मार्गांच्या तक्त्यात ही चूक सहज लपून जाते. ओळखायची खूण सोपी आहे: अहवालातला प्रति प्रवासी-किलोमीटर आकडा एकूण प्रवासी-किलोमीटरने गुणून पाहावा. गुणाकार एकूण डिझेलच्या नोंदीवरून निघणाऱ्या उत्सर्जनाशी जुळला नाही, तर सरासरीत गडबड आहे.

परतीची मोकळी फेरी वगळावी, असंही कुणाला वाटू शकतं. पण सकाळची दुसरी भरलेली फेरी सोडायची तर गाडी मागे आणावीच लागते. ती फेरी त्या ८० जणांच्याच प्रवासाचा भाग आहे. उलट बाजूने एक काळजी घ्यावी: तिकीट यंत्रात चढण्या-उतरण्याचा टप्पा नोंदला जातो, पण पासधारकांचा कित्येकदा नोंदला जात नाही. ते निसटले तर बसचा आकडा विनाकारण फुगतो.

दुचाकीचा हिशोब यापुढे ठेवला की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. लीटरला ५० किलोमीटर देणारी गाडी किलोमीटरमागे ४६ ग्रॅम सोडते. चार गाड्यांपैकी एकीवर मागे कुणी बसलेलं असेल, तर सरासरी १.२५ माणसं आणि ३७ ग्रॅम. आपल्या बसचे ३५. म्हणजे जवळजवळ बरोबरी. बसचे ६७० ग्रॅम ३७ ने भागले तर १८ येतात. दिवसभराच्या सरासरीत १८ पेक्षा कमी माणसं नेणारी ही बस कार्बनच्या हिशोबात दुचाकीपुढे हरते. हा निष्कर्ष अहवालात दडवू नये असं मला ठामपणे वाटतं. तो बसविरोधी नाही. मार्गाची आखणी, वेळापत्रक आणि रिकामी धाव यांत काय बदलायला हवं, ते या १८ च्या आकड्यावरून कळतं. शिवाय दुचाकीवरचा माणूस उद्या बसमध्ये चढला तर बसचं डिझेल जवळपास तेवढंच राहतं, आणि त्याचे ४६ ग्रॅम मात्र वाचतात. सरासरी आकडा वेगळा आणि एका जादा माणसामुळे पडणारा फरक वेगळा. धोरण ठरवताना दुसरा अधिक उपयोगाचा असतो.

मोटारीत हा भाजक आणखी एका कारणाने फसवतो. लीटरला १५ किलोमीटर, म्हणजे १५४ ग्रॅम. सरासरी दीड माणूस धरला की १०३. या दीड माणसात कोण कोण मोजलं गेलं, ते पाहायला हवं. बसचा चालक आणि वाहक प्रवासी म्हणून मोजले जात नाहीत, तसाच टॅक्सीचा चालकही मोजू नये. स्वतःची गाडी चालवणारा मात्र मोजला जातो, आणि तो दर वेळी कुठे तरी जाण्यासाठीच निघालेला असतो असं नाही. दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलाला सोडून पालक घरी परतले, तर गाडी ४ किलोमीटर धावली आणि ६१६ ग्रॅम सुटले. जाताना दोघांचे ४ आणि येताना एकट्याचे २, असे ६ प्रवासी-किलोमीटर धरले की उत्तर १०३, म्हणजे अगदी सर्वसाधारण. पण जायचं होतं फक्त मुलाला, तेही दोनच किलोमीटर. त्याच्या प्रवासावर भार घातला तर किलोमीटरमागे ३०८ ग्रॅम येतात. अहवालात अशा फेऱ्या वेगळ्या दाखवाव्यात.

रेल्वेत अडचण माणसांच्या मोजणीपेक्षा हद्दीची, म्हणजे कुठपर्यंतचं उत्सर्जन मोजायचं याची आहे. आठ डब्यांची विजेवरची गाडी किलोमीटरला २० युनिट वीज घेते आणि तिच्यात सरासरी ५०० माणसं आहेत असं धरू. माणशी ०.०४ युनिट. गाडीच्या टपावरून धूर निघत नाही म्हणून काही तक्त्यांत रेल्वेपुढे शून्य लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. वीज पूर्णपणे कोळशाची असेल तर युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेल्वेचा आकडा ४० ग्रॅम येतो, म्हणजे आपल्या बसपेक्षाही जास्त. निम्मी वीज जलविद्युत किंवा पवनऊर्जेची असेल तर २०. गाडी तीच, माणसं तीच, आकडा वीजकेंद्रावर ठरतो. आणि विजेचं उत्सर्जन असं मुळापासून धरायचं, तर पेट्रोल-डिझेलही मुळापासून धरायला हवं. तेल काढणं, शुद्ध करणं आणि पंपापर्यंत आणणं यासाठी जळलेल्या इंधनाचे ढोबळमानाने आणखी वीस टक्के धरावे लागतात. एका वाहनाला एक हद्द आणि दुसऱ्याला दुसरी लावली, की तुलनाच मोडते.

हद्दीचा हाच प्रश्न चालण्यापर्यंत नेला तर उत्तर चक्रावून टाकतं. ७० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर चालायला स्वस्थ बसण्यापेक्षा सुमारे ४० किलोकॅलरी जास्त लागतात. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेसेक यांच्या २०१८ सालच्या अभ्यासानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे एक चतुर्थांश अन्नाच्या उत्पादनातून आणि पुरवठ्यातून येतात. ते माणशी वाटले की दिवसाला साधारण ५ किलो पडतात, आणि दर किलोकॅलरीमागे २ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चालण्याच्या किलोमीटरला ८० ते ९० ग्रॅम, दुचाकीच्या दुपटीहून जास्त! कागदावर गुणाकार बरोबर आहे. पण चालल्यामुळे माणूस नेमकं तेवढंच जास्त खातो हे गृहीतक कच्चं आहे. धान्य-डाळी खाणाऱ्याचा आकडा या सरासरीपेक्षा पुष्कळ कमी असतो. आणि अन्न धरायचंच, तर गाडी चालवणाऱ्याचंही धरावं लागेल, गाडी बनवायला लागलेलं पोलादही धरावं लागेल. श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूचं म्हणाल, तर तो पिकाने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे त्याने हवेतला साठा वाढत नाही. म्हणून इंधन आणि वीज एवढीच हद्द असलेल्या अहवालात चालण्यापुढे शून्य लिहिणं योग्यच आहे. ती हद्द कोणती, हे तक्त्याखाली स्पष्ट लिहिलेलं असावं.

चालण्याच्या बाबतीत मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. चालून किती वाचलं हे काढताना मोटारीचे सरासरी १०३ ग्रॅम धरतात. पण चालणं जागा घेतं ती एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांची, आणि अशा फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला जादा इंधन सोडावं लागतं, आणि घट्ट तेलामुळे घर्षणही वाढलेलं असतं. त्या पहिल्या किलोमीटरला लीटरमागे १५ किलोमीटर मिळत नाहीत. तिथे वाचणारे ग्रॅम सरासरीपेक्षा जास्तच असतात, आणि ते मोजायचे तर छोट्या फेऱ्यांचं इंधन वेगळं नोंदवावं लागतं.