टीव्ही म्हणतो ‘पासवर्ड चुकीचा आहे’; पण हे त्याला सांगतं कोण?

नवा स्मार्ट टीव्ही भिंतीवर चढतो, आणि पहिल्याच संध्याकाळी घरात वाद सुरू होतो. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत वायफायचा पासवर्ड भरला जातो, आणि दहा-पंधरा सेकंदांनी पडद्यावर उत्तर येतं: पासवर्ड चुकीचा आहे. तोच पासवर्ड घरातल्या चार फोनांवर बिनतक्रार चालत असतो. मग राउटर बंद-चालू करणं, रिमोट तळहातावर आपटणं, टीव्ही पुन्हा पहिल्यापासून सेट करणं, असे सगळे विधी होतात. राउटर बंद करून चालू केल्याने त्यातला पासवर्ड बदलत नाही, त्यामुळे पासवर्डच चुकत असेल तर हा विधी उदबत्ती ओवाळण्याइतकाच उपयोगी.

पासवर्ड चुकल्याचं टीव्हीला खरं तर कुणीही सांगितलेलं नसतं. तो अंदाज करत असतो. हा अंदाज कसा बांधला जातो ते कळलं की चूक शोधायची कुठे तेही कळतं.

घरगुती वायफायमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या WPA2 पद्धतीत पासवर्ड हवेतून पाठवलाच जात नाही. टीव्ही आधी त्या पासवर्डपासून २५६ बिटांची एक किल्ली बनवतो. त्यासाठी पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन त्यांच्यावर एकच गणिती घुसळण ४०९६ वेळा केली जाते. राउटरनेही तीच घुसळण करून आपली किल्ली तयार ठेवलेली असते. या क्रियेचा गुण असा, की आत जाणाऱ्या मजकुरात एक बिट बदललं तरी बाहेर पडणारी किल्ली पार वेगळी होते. आणि लहान-मोठ्या अक्षरांतला फरक नेमका एका बिटाचाच असतो. संगणकाच्या लेखी A म्हणजे ६५ आणि a म्हणजे ९७. मधला फरक ३२, म्हणजे द्विमान पद्धतीत एकच घर. लिनक्स वापरणाऱ्यांना हे घरीच पाहता येईल:

```
$ wpa_passphrase IEEE password
network={
	ssid="IEEE"
	#psk="password"
	psk=f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
}
```

आता याच आज्ञेत फक्त p मोठा करून पाहा. येणाऱ्या ६४ आकड्या-अक्षरांच्या ओळीचं वरच्या ओळीशी काहीही नातं उरलेलं नसेल. त्यामुळे ‘तुमचं तिसरं अक्षर तेवढं चुकलंय’ असं सांगणं कुणालाच शक्य नसतं. किल्ल्यांकडे पाहून ‘जवळजवळ बरोबर’ आणि ‘साफ चूक’ यांत फरकच करता येत नाही.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. राउटर टीव्हीला एक यादृच्छिक आकडा पाठवतो. टीव्ही आपला असाच एक आकडा निवडतो. दोन्ही आकडे, दोघांचे हार्डवेअर पत्ते आणि मघाची किल्ली यांतून एक तात्पुरती किल्ली तयार होते, आणि टीव्ही आपल्या उत्तरावर तिची मोहर उमटवून ते परत धाडतो. राउटर स्वतःच्या किल्लीने तीच मोहर काढून पाहतो. जुळली तर व्यवहार पुढे सरकतो. जुळली नाही, तर राउटर ‘चुकलं’ असं म्हणत नाही. तो आलेलं उत्तर मुकाट्याने टाकून देतो, पहिला निरोप आणखी काही वेळा पाठवतो आणि शेवटी संबंध तोडतो. चार निरोपांची ही देवघेव दुसऱ्यावरच अडली, एवढंच टीव्हीला दिसतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या टीव्हीच्या पोटात वायफाय सांभाळणारा जो प्रोग्राम असतो, तो आपल्या नोंदवहीत लिहितो: `4-Way Handshake failed - pre-shared key may be incorrect`. त्यातलं `may be` लक्षात घ्या. पडद्यावर येईतो ते गळून जातं आणि शंकेचा निकाल होतो. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल आणि निरोप वाटेतच हरवत असतील, तरी पडद्यावर हेच वाक्य उमटू शकतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोष अक्षरांत आहे की हवेत, हे वेगळं करणं. फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, त्याचा पासवर्ड पाच मिनिटांपुरता `12345678` ठेवा, फोन राउटरच्या शेजारी ठेवा आणि टीव्ही त्याला जोडून पाहा. जोडला गेला तर टीव्हीचं वायफाय धड आहे आणि तेवढ्या अंतरावरून संदेशही पोचतोय. मग संशय टायपिंगवर. (काम झालं की हॉटस्पॉटचा पासवर्ड बदला.)

आता टायपिंगकडे. समजा पासवर्ड आहे `Konkan@12`. कीबोर्ड नेहमीच्या मांडणीचा: वर आकडे, खाली q ते p, त्याखाली a ते l, मग शिफ्ट आणि z ते m, आणि तळाला डावीकडे चिन्हांचं पान उघडणारं `?123` हे बटण. कर्सर q वर उभा आहे. मोठ्या K साठी आधी दोन घरं खाली उतरून शिफ्टवर ओके, मग एक घर वर आणि सात घरं उजवीकडे जाऊन पुन्हा ओके. एका अक्षराला १२ दाब. `onkan` संपेपर्यंत ३९ होतात. @ साठी तळाच्या कोपऱ्यापर्यंत परत यायचं, पान उलटायचं आणि तिथे @ शोधायचं. तो दुसऱ्या ओळीत दुसरा आहे आणि आकडे त्याही पानावर वरच आहेत असं धरलं, तर 2 टाकून होईतो एकूण ५७ दाब. साध्या `konkan12` ला याच मांडणीवर ४८ लागतात.

म्हणजे मोठं अक्षर आणि चिन्ह यांनी कष्ट वाढवले ते नऊ दाबांनी. त्रास कष्टांचा नाहीच. `konkan12` टाकताना कीबोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अवस्थेत राहतो. `Konkan@12` टाकताना अवस्था तीन-चारदा बदलते: शिफ्ट चालू होते, K नंतर आपोआप उतरते, चिन्हांचं पान उघडतं, आणि @ नंतर ते कधी मिटतं तर कधी तसंच उघडं राहतं. तेच बटण, तीच जागा, पण अर्थ वेगळा. अशा चुकांना मोड एरर म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांची वर्गवारी केली, तीत या प्रकाराला स्वतंत्र घर दिलं होतं. संगणकावरचं कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्या नावावर आहे ते लॅरी टेसलर अशा अवस्थांचे इतके वैरी, की त्यांच्या गाडीची नंबरप्लेटच `NO MODES` होती.

टीव्हीवर यात दोन गोष्टींची भर पडते. पुष्कळ कीबोर्डांवर शिफ्ट एकदा दाबली तर एका अक्षरापुरती आणि लागोपाठ दोनदा दाबली तर कायमची मोठी अक्षरं, असा नियम असतो. टीव्हीचा प्रोसेसर संथ असेल तर पहिल्या दाबाचा परिणाम दिसायला क्षणभर उशीर होतो, आपण ‘लागलं नाही वाटतं’ म्हणून पुन्हा दाबतो आणि पासवर्ड `KONKAN@12` होऊन बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे ठिपके. ठिपके मोजून एखादं अक्षर दोनदा पडलंय का, शेवटी स्पेस घुसलीय का, हे कळतं. नवाच्या जागी दहा ठिपके दिसतील. पण `KONKAN@12` चेही ठिपके नऊच. म्हणून पासवर्ड दाखवण्याची सोय असेल (बहुधा डोळ्याचं चिन्ह किंवा `Show password` चा चौकोन) तर ती टायपिंग सुरू करण्याआधीच लावा. आपल्या घरात, आपल्याच माणसांसमोर ठिपक्यांनी कुणापासून काय लपतं?

अवस्था ओळखायची तर शिफ्टच्या बाणाचा रंग पाहू नका, अक्षरांची बटणं पाहा. चांगल्या कीबोर्डावर शिफ्ट लागली की सगळी बटणं q चं Q होतात आणि उतरली की परत लहान होतात. काहींवर मात्र बटणांवर कायम मोठीच अक्षरं छापलेली असतात आणि उमटतात लहान. तिथे पहिलं अक्षर टाकून ते रकान्यात कसं उमटलं ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चिन्हांच्या पानांवर वेगळा घोळ असतो. `-` आणि `_` शेजारी-शेजारी बसतात, आणि `'` व `` ` `` हे लांबून सारखेच दिसतात. दुसऱ्या पानावर ₹ असतो तो मोहक वाटला तरी नको. WPA2 चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि फक्त जुन्या इंग्रजी संचातला लागतो, आणि त्या संचात रुपया नाही. फोनच्या मराठी कीबोर्डावरचा १ आणि इंग्रजी 1 हेही यंत्राच्या लेखी दोन वेगळे वर्ण आहेत.

कधी कधी टायपिंग बिनचूक असतं आणि समोरचा कागदच चुकीचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड पाठवताना फोन वाक्याचं पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करतो, आणि `konkan@12` चं `Konkan@12` होऊन पोचतं. ‘फोनवर चालतोय’ हाही पुरावा नाही, कारण फोनने तो कधीकाळी साठवलेला असतो. जोडलेल्या अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो, आणि बहुतेक फोनांत त्याखाली पासवर्डही अक्षरांत दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून तो सेटिंगमध्येच पाहता येतो. टीव्हीसमोर बसताना आठवणीतला पासवर्ड बाजूला ठेवून हा वाचावा. एक अडचण तिथेही उरते: l, I आणि 1 काही फाँटांत हुबेहूब सारखे दिसतात. तसं असेल तर मजकूर कॉपी करून वेगळ्या फाँटच्या अ‍ॅपमध्ये चिकटवून पाहा.

पासवर्ड नव्याने ठरवायचाच असेल तर ‘एक मोठं अक्षर, एक चिन्ह, एक आकडा’ हा मंत्र खुशाल सोडा. कीबोर्डवरच्या सगळ्या ९४ वर्णांतून कसेही निवडलेले ८ वर्ण घेतले तर सुमारे ६,१०० लाख कोटी जोड्या होतात. फक्त २६ लहान अक्षरांतून तशीच निवडलेली १२ अक्षरं घेतली तर सुमारे ९५,४०० लाख कोटी, म्हणजे पंधरापटीहून जास्त. अट एवढीच की निवड खरोखर यादृच्छिक हवी. गावाचं नाव आणि सालाची जोडी त्यात बसत नाही, म्हणजे वरचा `Konkan@12` सुद्धा नाही. चिन्हांची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगून टाकलं आहे.

ओटीटी किंवा गेमच्या खात्यात शिरताना मात्र पडद्यावरच्या कीबोर्डाला हातच लावू नका. तिथे बहुतेक वेळा एक छोटा कोड दाखवून तो फोनवर टाकायला सांगतात. या पद्धतीचं मानक, RFC 8628, २०१९ मध्ये आलं, आणि त्यात कोडसाठी सुचवलेली वीस अक्षरं पाहण्यासारखी आहेत: `BCDFGHJKLMNPQRSTVWXZ`. स्वर नाहीत, म्हणजे कोडात चुकून एखादा वाह्यात शब्द तयार होणार नाही. आकडे नाहीत, म्हणजे शून्य की ओ हा प्रश्न नाही. आणि लहान टाका की मोठं, दोन्ही चालतं.