काचेचं छप्पर, बारीक खांब आणि 60 टन

फूटब्रिजचे रेंडर, म्हणजे बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, बघितलीत का कधी? संध्याकाळचा उजेड, काचेचं छप्पर, पांढरे स्टीलचे खांब काडीएवढे बारीक, खाली ओला रस्ता चमकतोय. दिसायला झक्कास, पण दोन मिनिटं बघितलं की पोटात कसंतरी होतं, कारण हे सगळं उभं कशावर आहे तेच कळत नाही. मग आपण म्हणतो "फेक वाटतंय" आणि लोक लाइटिंग सुधारायला बसतात. चूक बहुतेक वेळा लाइटिंगची नसतेच, वजनाची असते.

एक उदाहरण घेऊ. पूल 24 मीटर लांब, 3 मीटर रुंद, एका टोकाला लिफ्टचा काँक्रीट टॉवर, दुसऱ्या टोकाला स्टेशनची बिल्डिंग आणि तिच्या अलीकडे दोन स्टीलचे पाय. गर्दी धरायची तर दर चौरस मीटरला साधारण 500 किलो धरतात, म्हणजे नुसती माणसंच 36 टन. स्टील, फ्लोअर, काच मिळून मीटरला एक टन धरा, ते 24 टन. एकूण 60. अर्धं टॉवरवर, अर्धं दोन पायांवर, म्हणजे एका पायावर 15 टन.

पहिला घोटाळा फ्लोअरचा. रेंडरमध्ये 24 मीटरचा गाळा 20 सेंटिमीटरच्या पट्टीवर तरंगत असतो. साध्या गर्डरला लांबीच्या विसाव्या भागाएवढी तरी उभी जाडी लागते, इथे 1.2 मीटर. तेवढा जाडजूड गर्डर काढला की नाजूकपणा गेला! यावर जुनी युक्ती म्हणजे छप्पर आणि फ्लोअर दोन्ही कामाला लावायचे, मध्ये तिरपे रॉड टाकायचे, झाला 3 मीटर उंचीचा ट्रस, म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा, आणि माणसं त्याच्या पोटातून चालतात. मग एकेक पाइप बारीक ठेवला तरी चालतो. सिंगापूरचा हेलिक्स ब्रिज (2010) असाच आहे, चालणाऱ्यांभोवती फिरणारे स्टीलचे दोन पीळ दिसतात ना, ती सजावट नाही, पूल तेच पेलतात.

आता पाय, मला सगळ्यात आवडणारा भाग. साडेसोळा-सतरा सेंटिमीटर व्यासाचा, 6 मिलिमीटर जाडीचा, 6 मीटर उंच पाइप घ्या. 15 टनांनी तो चिरडत नाही, स्टीलला ते काहीच नाही. भीती बकलिंगची. खराट्याचा हीर जमिनीवर उभा धरून वरून दाबा, तो तुटायच्या आधी बाजूला वाकतो, तसंच. पायाचं वरचं टोक कोणी बाजूने धरलेलं नसेल, तर हा पाइप पक्का रोवूनसुद्धा सुमारे 14 टनांना वाकतो, म्हणजे आपला पूल गेला. आणि तोच पाइप, दोन्ही टोकांना पिन, म्हणजे बिजागरीसारखा फिरणारा जोड, पण वरचं टोक बाजूला हलू दिलं नाही, तर सुमारे 56 टन! एक ग्रॅम स्टील न वाढवता चौपट.

मग वरचं टोक धरणार कोण? लांबीच्या दिशेने फ्लोअर धरतो, कारण तो पलीकडे काँक्रीट टॉवरला घट्ट बांधलेला आहे. आडव्या दिशेने दोन पायांमध्ये फुलीसारखे दोन बारीक रॉड टाकायचे. रेंडरमध्ये ती फुली, पायथ्याची पिन आणि टॉवरचा जोड एवढं दिसलं की बघणाऱ्याला गणित न करताही बरं वाटतं. फुली "व्ह्यू खराब करते" म्हणून काढून टाकणारे भेटतात, त्यांनी मग खांब जाड करावेत, फुकट काही मिळत नाही.

काचेचं उलटं आहे. 6 अधिक 6 मिलिमीटरची लॅमिनेटेड काच (फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते, डोक्यावर फक्त टफन्ड काच नकोच) चौरस मीटरला 30 किलो भरते. मुंबईत डिझाइनला वारा सेकंदाला 44 मीटर धरतात, त्याचा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो, आणि छपरावर तो बऱ्याचदा वर ओढतो. म्हणजे वादळात छप्पर पडायला नाही, उडायला बघतं. म्हणून काच नुसती पाइपवर ठेवलेली दाखवू नका, वरून पकडणाऱ्या पट्ट्या किंवा क्लॅम्प हवेत, थोडा उतार हवा आणि पागोळीला पन्हळ हवी.

आणि शेवटचं, बिल्डिंगकडचं टोक. 24 मीटर स्टील 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 12 मिलिमीटर वाढतं. टॉवरकडे पूल बांधलेला, त्यामुळे सगळी वाढ इकडेच येते, पिनवरचे पाय तेवढे तिरके होतात, आणि पूल बिल्डिंगला चिकटवला असेल तर भिंतीला भेग जाते. म्हणून तिथे फट ठेवतात आणि वर एक चेकर्ड प्लेट, एकाच बाजूला फिक्स केलेली. स्टेशनच्या पुलावर पाय पडला की खडखडते ना, तीच.